‘लाइफटाइम फ्री’ कार्ड, वर्षभरानं २४३० रुपये ८७ पैशांचं बिल: माफी अन् लेखी उत्तर कसं मागायचं?

मनीषनगरचा
२२ जुलै २०२५, रात्री १०:४१

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी जूनमध्ये वर्धा रोडवरच्या एका मॉलमध्ये गेलो होतो, तिथं खाली एस्कलेटरजवळ एका बँकेचा स्टॉल होता (बँकेचं नाव लिहीत नाही, उगा भानगड नको). पोरगा चांगला गोड बोलणारा, म्हणे सर लाइफटाइम फ्री आहे, एक रुपया लागत नाही, वरून ट्रॉली बॅग देतो. मी तीनदा विचारलं की बाबा वार्षिक फी? म्हणे झिरो सर. टॅबवर फोटो काढला, ओटीपी घेतला, दहा मिनिटांत काम तमाम. कार्ड आलं, मी चार-पाच वेळा पेट्रोल भरलं, पैसे वेळेवर भरले, नंतर कार्ड कपाटात टाकून दिलं. बॅग अजून यायचीच आहे.

आता काल रिकव्हरीवाल्याचा फोन, सर तुमचे २४३० रुपये थकले आहेत. मी म्हटलं कशाचे बे, कार्ड तर मी वापरतच नाही! मेल उघडून पाह्यलं तर १८ जूनच्या बिलात वार्षिक फी १४९९, त्यावर जीएसटी २६९.८२. मी ते बिल उघडलंच नव्हतं, कारण काही खर्चच केला नाही तर बिल कशाला पाहणार. मग १८ जुलैच्या बिलात लेट फी ५००, तिचा जीएसटी ९०, व्याज ६१.०६, व्याजावर जीएसटी १०.९९. एकूण २४३०.८७.

कस्टमर केअरला फोन केला तर बाई म्हणतात कार्ड पहिल्या वर्षी फ्री होतं, दुसऱ्या वर्षापासून फी लागते, वर्षात दीड लाख खर्च केला तर माफ होते. हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. एकच जमेची गोष्ट, त्या पोराचा वॉट्सअॅप मेसेज सापडला: ‘सर कार्ड अप्रूव झालं, LTF आहे, कोणताही चार्ज नाही, टेन्शन नका घेऊ.’ स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मला दोन गोष्टी पाह्यजेत. एक, हे सगळं माफ. दोन, फी कशाच्या आधारावर लावली ते लेखी. कसं करायचं?

बजाजनगर_बॉय
२२ जुलै, रात्री ११:०५

भाऊ एक रुपया भरू नको. हे पूर्ण बेकायदेशीर आहे, लाइफटाइम फ्री म्हटलं की फी लावूच शकत नाही. सरळ संविधान चौकात रिझर्व्ह बँकेच्या बिल्डिंगमध्ये जा, तक्रार दे, दोन दिवसांत बँक पाया पडत येईल. आणि न सांगता फी लावली तर दुप्पट दंड द्यावा लागतो असा नियम आहे, तो पण माग.

महालचे_काका
२३ जुलै, सकाळी ७:१८

ओटीपी दिलात तिथेच चुकलात. असे पैसे गेले की ताबडतोब १९३० वर फोन करायचा असतो, सायबरवाले व्यवहार गोठवतात. आमच्या शेजारच्या मुलाचे चाळीस हजार असेच गेले. कार्ड लगेच ब्लॉक करा आणि मोबाइलमधलं ते अॅप काढून टाका.

मनीषनगरचा
२३ जुलै, सकाळी ९:०२

काका, फ्रॉड नाही झाला, बँकेनंच फी लावली आहे.

महालचे_काका
२३ जुलै, सकाळी ९:२०

तेच तर म्हणतो, बँकेच्या नावानेच करतात.

धंतोली_७७
२३ जुलै, सकाळी १०:११

कटू वाटेल पण बोलतो. टॅबवर सही केली ना? त्यात अटी असतातच. एक पान वाचायचा कंटाळा आणि मग वर्षभरानं रडारड. स्टॉलवरच्या पोराला एका कार्डामागे कमिशन मिळतं, तो काय तुम्हाला खरं सांगायला उभा आहे? भरून टाका, कार्ड बंद करा, विषय संपवा.

रेशीमबागेतली
२३ जुलै, दुपारी १:३७

मी एका बँकेच्या कार्ड विभागात अठरा वर्षं काढली, त्यातली सहा तक्रारींच्या टेबलावर. आता निवृत्त आहे. सावकाश सांगते.

बजाजनगरच्या दादांचं अर्धं बरोबर आहे. दुप्पट दंडाचा नियम आहे, पण तो न मागता गळ्यात मारलेल्या कार्डासाठी, किंवा तुमच्या संमतीशिवाय कार्ड अपग्रेड करून पैसे लावले त्यासाठी. मनीषनगर, तुम्ही कार्ड स्वतः मागितलं, ओटीपी दिला, वापरलं. तो दंड मागू नका, तक्रार उगीच कच्ची होते आणि टेबलावरचा माणूस पहिल्याच ओळीला ‘लागू नाही’ लिहून मोकळा होतो. मी पण लिहिलं आहे, खोटं कशाला बोलू.

तुमच्या कामाचा नियम वेगळा. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबद्दलचे निर्देश एप्रिल २०२२ चे आहेत, जुलै २०२२ पासून लागू. त्यात म्हटलंय की कार्ड देताना जो चार्ज ग्राहकाला स्पष्ट सांगितला नाही आणि ज्याला त्याची स्पष्ट संमती घेतली नाही, तो लावता येत नाही. म्हणजे भांडण ‘फी आहे की नाही’ याचं नाहीच, भांडण आहे की १४ जून किंवा जी काय तारीख असेल तेव्हा बँकेनं तुम्हाला हे दाखवलं का. अर्जासोबत एका पानाचं मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं, व्याजदर आणि सगळे चार्जेस त्यावर असतात. ते तुमच्या मेलवर आलं होतं का? कार्डाच्या नावानं जुने मेल शोधा, प्रमोशनच्या फोल्डरमध्ये पण.

धंतोलीच्या दादांना एवढंच सांगेन, स्टॉलवरच्या टॅबवर ग्राहकाला स्क्रीन खाली सरकवू देतात का ते एकदा जाऊन बघा. ‘सर इथे ओटीपी टाका’ म्हणतात आणि अंगठा त्यांचाच असतो. आणि तो पोरगा बँकेनं नेमलेल्या एजन्सीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेला झटकता येत नाही.

मनीषनगरचा
२३ जुलै, रात्री ९:४८

ताई, सापडला मेल. १६ जून २०२४, ‘वेलकम’ म्हणून. पीडीएफ आहे चव्वेचाळीस पानांची, पासवर्ड लावलेली, मी तेव्हा उघडलीच नव्हती. आज उघडली तर एकतिसाव्या पानावर तक्त्यात लिहिलंय, जॉइनिंग फी निरंक, वार्षिक फी दुसऱ्या वर्षापासून १४९९. एक पानी कागद मात्र कुठंच नाही. म्हणजे मी हरलो का?

रेशीमबागेतली
२३ जुलै, रात्री १०:३०

नाही, पण केस होती तेवढी पक्की राहिली नाही. हे आधी कळलं ते बरंच झालं, नाहीतर तुम्ही ‘मला काहीच पाठवलं नाही’ लिहिलं असतं आणि त्यांनी हाच मेल तोंडावर मारला असता. आता असं लिहायचं: पीडीएफ १६ तारखेला आली, अर्ज त्याआधी झाला, अर्जाच्या वेळी चार्जेस दाखवून संमती घेतल्याची नोंद द्या. टॅबवरच्या अर्जात कोणती स्क्रीन किती वाजता पुढे गेली याचा लॉग असतो त्यांच्याकडे. तो मागा.

आता मला खरी मजा वाटली ती ६१.०६ मध्ये. तुमच्या कार्डाचा व्याजदर त्या तक्त्यात बघा, महिना साडेतीन टक्के असणार, म्हणजे वर्षाला ४२. आता १७६८.८२ ला ४२ टक्के, भागिले ३६५, गुणिले ३० दिवस. करून बघा किती येतं.

मनीषनगरचा
२३ जुलै, रात्री १०:४४

६१.०६. पैशाला पैसा बरोबर!

रेशीमबागेतली
२३ जुलै, रात्री १०:५८

म्हणजे त्यांनी व्याज लावलं ते फीवर आणि तिच्या जीएसटीवर, कारण दुसरा काही खर्चच नव्हता. त्याच निर्देशांत आहे की न भरलेले चार्जेस आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही. फी योग्य की अयोग्य यावर ते वाद घालू शकतात, यावर नाही. रक्कम चिमूटभर आहे, व्याज अधिक त्याचा जीएसटी मिळून ७२.०५, पण तक्रारीत हा मुद्दा सगळ्यात वर ठेवा. पहिल्याच परिच्छेदात गणित मांडलेलं दिसलं की तक्रार साच्यातलं उत्तर देणाऱ्या मुलाकडून उचलून वरच्याकडे जाते.

सदरवाली
२४ जुलै, सकाळी ११:२६

माझं पण ऐका कोणीतरी 😭 फ्रिज घेतला नो कॉस्ट ईएमआयवर, तरी दर महिन्याला हप्त्याशिवाय थोडे थोडे पैसे जास्त कटतात, शिवाय पहिल्या महिन्यात प्रोसेसिंग फी. हे पण हिडन चार्जच ना? मी पण माफी मागू का?

रेशीमबागेतली
२४ जुलै, दुपारी १२:१५

सदरवाली, तुमचं वेगळं आहे. त्यात व्याज असतंच, दुकानदार किंवा कंपनी तेवढा डिस्काउंट आधी देते म्हणून नो कॉस्ट म्हणतात. पण त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्याकडून घेतात, तेच ते थोडे थोडे. मुद्दल, व्याज आणि डिस्काउंट वेगवेगळे दाखवणं बँकेला बंधनकारक आहे. बिलात तसे दिसत नसतील तर नवा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

बजाजनगर_बॉय
२४ जुलै, दुपारी १२:४०

ठीक आहे दुप्पट दंडाचं चुकलं असेल, पण भरायचं नाही यावर मी ठाम आहे. एकदा पैसे हातात पडले की बँक ढिम्म हलत नाही. माझ्या मेव्हण्यानं आधी भरले, सहा महिने झाले, अजून मेल मेल खेळून राहिला.

रेशीमबागेतली
२४ जुलै, दुपारी १:०५

त्याला अर्थ आहे, पण न भरण्याची किंमतही बघा. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं की बँक ते थकबाकी म्हणून क्रेडिट ब्युरोला कळवू शकते. यांची तारीख ७ जुलै होती, ती केव्हाच गेली. शिवाय दर महिन्याला नवी लेट फी. कोणी दुकानासाठी नाहीतर घरासाठी कर्ज काढणार असेल तर अडीच हजाराच्या तत्त्वासाठी तो डाग परवडत नाही. मी असते तर ‘आक्षेप कायम ठेवून, फक्त क्रेडिट रेकॉर्ड खराब होऊ नये म्हणून भरतो’ असा मेल आधी टाकला असता, मग भरले असते.

मनीषनगरचा
२४ जुलै, संध्याकाळी ६:५२

मला दिवाळीनंतर गाळ्यासाठी लोन काढायचं आहे, म्हणून ताईंचं ऐकतो. बजाजनगर भाऊ, राग नको.

आज दुपारी बँकेतून आपणहून फोन आला होता. म्हणे सर, तुम्ही जुने ग्राहक, फी माफ करतो, फक्त जीएसटी आणि लेट फी तुम्ही भरा, आणि पुढच्या तीन महिन्यांत पन्नास हजार खर्च करा. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात विचारलं की हे मेलवर द्या, तर म्हणतात ही ऑफर फक्त कॉलवर आहे. मग ठेवून दिला फोन.

असा मेल टाकला, पहा बरं ठीक आहे का:

‘विषय: वार्षिक शुल्क, विलंब शुल्क व व्याज रद्द करणे आणि लेखी स्पष्टीकरण.
माझ्या कार्डावर १८ जुलै २०२५ च्या बिलात ६१.०६ रुपये व्याज लावले आहे. या काळात माझा कोणताही खर्च नाही. हे व्याज १७६८.८२ या शुल्क व कराच्या रकमेवर ४२ टक्के दराने ३० दिवसांचे आहे. न भरलेल्या शुल्कावर व्याज कोणत्या नियमाने लावले ते कळवावे.
कार्ड देताना आपल्या प्रतिनिधीने कार्ड आजीवन निःशुल्क असल्याचे लेखी सांगितले, संदेश सोबत जोडला आहे. शुल्काचा तक्ता मला अर्जानंतर मिळाला. अर्जाच्या वेळी शुल्क दाखवून माझी संमती घेतल्याची नोंद, अर्जाची प्रत आणि एक पानी माहितीपत्रक मला कधी दिले त्याचा पुरावा द्यावा.
संपूर्ण २४३०.८७ रुपये करांसह रद्द करावेत व क्रेडिट ब्युरोकडे थकबाकी कळवली असल्यास दुरुस्त करावी. मी ही रक्कम आक्षेप कायम ठेवून भरत आहे.’

रेशीमबागेतली
२४ जुलै, रात्री ८:१०

छान. ‘करांसह’ लिहिलंत ते फार बरं केलंत. फी उलटवतात आणि जीएसटी तसाच राहतो, लोकांच्या लक्षातही येत नाही. फक्त तक्रार क्रमांक आल्याशिवाय मेल पोचला असं धरू नका. बिलावर आक्षेप घेतला की ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि लागेल तिथे कागद द्यायचे असतात, ते दिवस तक्रारीपासून मोजतात, फोनवरच्या गप्पांपासून नाही.

आणि संविधान चौकात जायची गरज नाही. आता देशभरच्या तक्रारी एकाच ठिकाणी घेतात, cms.rbi.org.in वर, कागदावर लिहिलं तरी ते चंदीगडच्या केंद्रात जातं. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. पण आधी बँकेला ३० दिवस द्यावेच लागतात, नाहीतर तक्रार तिथेच परत करतात.

धंतोली_७७
२४ जुलै, रात्री ९:३३

बघू काय देतात. माझा अंदाज, ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’.

मनीषनगरचा
२० ऑगस्ट, सकाळी १०:१७

धंतोली भाऊ, तोंडात साखर पडो तुमच्या 😄 काल, सव्विसाव्या दिवशी उत्तर आलं. सुरुवात त्याच वाक्यानं आहे.

पुढे लिहिलंय की वार्षिक शुल्क अटींनुसार योग्य आहे, ‘तथापि सद्भावना म्हणून’ १४९९ आणि लेट फी ५०० करांसह परत करत आहोत. कार्डावर २३५८.८२ जमा झाले. अर्जाची प्रत जोडली आहे, त्यात एका चौकोनात टिक आहे, ‘अटी मान्य’. वॉट्सअॅप मेसेजबद्दल एक अक्षर नाही. व्याजाबद्दल पण नाही! म्हणजे जिथं सरळ सरळ त्यांची चूक होती तेच ७२.०५ ठेवून घेतले.

रेशीमबागेतली
२० ऑगस्ट, सकाळी ११:४०

ही जुनी युक्ती. सद्भावना लिहिलं की चूक कबूल करावी लागत नाही. तुमची मागणी अंशतः फेटाळली आहे, तर असं उत्तर बँकेच्या अंतर्गत लोकपालाच्या नजरेखालून गेलेलं असायला हवं. ते आपण पाठवायचं नसतं, बँकेनंच पाठवायचं असतं. उत्तरात तसा उल्लेख आहे का?

मनीषनगरचा
२० ऑगस्ट, दुपारी १२:०४

नाही, तसं काही नाही.

रेशीमबागेतली
२० ऑगस्ट, दुपारी १२:२२

मग त्याच मेलला उत्तर द्या, नोडल अधिकाऱ्याला घालून: व्याजाचं उत्तर मिळालं नाही, आणि अंशतः फेटाळताना अंतर्गत लोकपालाकडे पाठवलं का ते कळवा. त्या मेसेजचं काय होईल ते मी खात्रीनं नाही सांगू शकत. एजंटच्या वॉट्सअॅपला बँक किती बांधील, यावर माझ्याच टेबलावर दोन साहेबांची दोन मतं असायची.

कार्ड बंद करायचं असेल तर आता विनंती टाका, तक्रार त्यानं मरत नाही. बाकी काही नसेल तर कामकाजाच्या सात दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला. आणि जमा रक्कम तुमच्या बँक खात्यात जायला हवी, खाते क्रमांक आत्ताच लिहून द्या.

बजाजनगर_बॉय
२३ ऑगस्ट, दुपारी २:५१

आज मारबतीत होतो, गर्दीत जोरात ओरडलो, ‘छुपे चार्जेस घेऊन जा गे मारबत!’ बाजूच्या माणसानं पण साथ दिली, त्याचं पण कार्ड होतं वाटतं 😂

मनीषनगरचा
२ सप्टेंबर, रात्री ९:१५

अपडेट. काल नोडल अधिकाऱ्याचा मेल आला, ७२.०५ ‘सिस्टममधील गणनेमुळे’ लागले होते, परत केले. गणना कोणत्या नियमानं केली ते काही लिहिलं नाही. मेसेजबद्दल अजूनही चूप. ब्युरोचा रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा फुकट मिळतो), त्यात जुलैला थकबाकी दिसून राहिली आहे, ती दुरुस्त करायला बँकेला आणि ब्युरोला दोघांनाही लिहिलं.

कार्ड मात्र अजून चालू! २० ऑगस्टला विनंती टाकली होती, अॅपमध्ये २४३०.८७ जमा दिसतात आणि खाली ‘क्लोजर अंडर प्रोसेस’. वरून आज मेसेज आला की तुमची लिमिट वाढवायची का.

धंतोली_७७
२ सप्टेंबर, रात्री ९:४०

मधे शनिवार-रविवार, गणपतीची सुट्टी. सात दिवस ते कसे मोजतात बघा. पण हो, मी चुकलो, भरून टाका म्हटलं होतं तेव्हा एवढं परत येईल असं वाटलं नव्हतं.

रेशीमबागेतली
२ सप्टेंबर, रात्री १०:०६

रविवार, चौथा शनिवार आणि २७ तारीख सोडली, मधला शनिवार ३० चा तो पाचवा, तो चालू दिवस धरला तरी, न धरला तरी मुदत कालपर्यंत संपली. विनंतीची पोच आहे ना? ती जोडून दिवसाचे ५०० मागा. ब्युरोनं ३० दिवसांत दुरुस्ती नाही केली तर तिथे दिवसाला १०० आहेत, ती तारीख वेगळी लिहून ठेवा.

सदरवाली
३ सप्टेंबर, सकाळी ८:५५

हे ५०० रुपये रोजचे कोणाला खरंच हातात मिळाले आहेत का? की फक्त कागदावर?

मनीषनगरचा
३ सप्टेंबर, सकाळी ९:१०

मागितले आहेत आज. दोन दिवसांचे हजार. मिळाले तर सांगतो. त्या ट्रॉली बॅगबद्दल पण लिहिलं त्यातच.